दुसरीच्या वर्गात कॅलेंडर शिकवताना: वाढदिवसांचा तक्ता आणि तारखांचा सराव

दुसरीतल्या बहुतेक मुलांना 'जानेवारी, फेब्रुवारी, मार्च...' ही यादी सुरात म्हणता येते. त्याच मुलांना 'सप्टेंबरच्या आधीचा महिना कोणता?' असं विचारलं की ती पुन्हा जानेवारीपासून सुरुवात करतात. 'आज किती तारीख?' याला उत्तर मिळतं, पण ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही. नव्या शिक्षकाने हे आधीच लक्षात घेतलेलं बरं, कारण इथे तीन कौशल्यं एकत्र आलेली असतात: महिन्यांचा क्रम, वार आणि तारखांच्या चौकटी वाचणं, आणि तारीख लिहिणं. तिन्ही एकाच तासात उरकायला गेलं तर मुलांच्या हाती फक्त पाठांतर राहतं.

या लेखातली आखणी महाराष्ट्रातल्या मराठी शाळेच्या दुसरीच्या वर्गासाठी आहे. उदाहरणं २०२६ च्या कॅलेंडरातली आहेत आणि पाठ जुलैत घ्यायचा असं धरलं आहे. विदर्भ सोडून बाकी राज्यात शाळा जूनच्या मध्यावर भरते आणि पहिले काही दिवस मुलं वर्गात रुळण्यात जातात. जुलै उजाडला की पूर्ण महिना हातात असतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या सलग पाच तासिका आणि त्यानंतर वर्षभर रोज तीन मिनिटं, एवढा वेळ पुरतो. ती तीन मिनिटं परिपाठाला जोडून घ्या. तारीख, वार आणि दिनविशेष तिथे रोज सांगितले जातातच.

आधी एकच महिना, तोही चालू

सुरुवात बारा महिन्यांनी करू नका. चालू महिन्याच्या एका पानाने करा. मुलाला वर्ष दिसत नाही, महिनाही पुरता दिसत नाही. त्याला दिसतो तो आजचा दिवस, कालचा आणि उद्याचा.

कॅलेंडर निवडताना एक अडचण येते आणि ती बऱ्याच शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. मराठी घरांत टांगलेल्या बऱ्याच कॅलेंडरांत वार डाव्या कडेला वरून खाली छापलेले असतात आणि तारखा उभ्या उतरतात. मोबाइलमध्ये, डायरीत आणि अनेक पुस्तकांत वार वरच्या ओळीत असतात आणि तारखा डावीकडून उजवीकडे जातात. घरी एक मांडणी पाहिलेलं मूल वर्गात दुसरी पाहतं आणि आडवं वाचत '५, १२, १९, २६' असं म्हणू लागतं. चूक मुलाची नसते. दोन्ही मांडण्या वेगळ्या दिवशी दाखवा. वर्गात शिकवण्यासाठी मात्र एकच ठरवा आणि पहिले दोन महिने ती बदलू नका. वार वरच्या ओळीत असलेली मांडणी सोयीची पडते, कारण मुलं वाचतात त्याच दिशेने तारखा पुढे जातात.

छापील कॅलेंडरात आणखी एक खाच आहे. जागा वाचवण्यासाठी काही कॅलेंडरांत महिन्याच्या शेवटच्या तारखा पहिल्या रिकाम्या चौकटींत छापतात. ऑगस्ट २०२६ ची सुरुवात शनिवारी होते, त्यामुळे त्या महिन्यात रविवार ३० आणि सोमवार ३१ यांना वेगळी सहावी रांग लागते. अशा कॅलेंडरात ३० आणि ३१ या तारखा १ तारखेच्या आधी दिसतात. मोठ्यांना ते लगेच कळतं, मुलांना अजिबात कळत नाही. म्हणून पहिल्या पाठासाठी छापील पान न वापरता स्वतः आखलेला तक्ता वापरा.

जुलै २०२६ चा तक्ता असा होईल:

| रवि | सोम | मंगळ | बुध | गुरू | शुक्र | शनि |
|---|---|---|---|---|---|---|
| | | | १ | २ | ३ | ४ |
| ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ |
| १२ | १३ | १४ | १५ | १६ | १७ | १८ |
| १९ | २० | २१ | २२ | २३ | २४ | २५ |
| २६ | २७ | २८ | २९ | ३० | ३१ | |

कार्डशीटवर प्रत्येक चौकट साधारण आठ सेंटिमीटरची ठेवली तर शेवटच्या बाकावरूनही आकडा दिसतो. वारांच्या ओळीसह सहा ओळी आणि सात स्तंभ लागतात, म्हणजे ५६ सेंटिमीटर रुंद आणि ४८ सेंटिमीटर उंच. नेहमीच्या २२ बाय २८ इंची कार्डशीटमध्ये हे आरामात बसतं आणि वर महिन्याचं नाव लिहायला जागा उरते. तारखा आधीच लिहून ठेवू नका. चौकटी आणि वार आखून आणा, आणि १ पासून पुढचे आकडे वर्गातच, मुलांकडून विचारून भरा.

पहिला प्रश्न १ तारखेपाशीच येतो. 'रविवारपाशी का नाही लिहिलं?' असं कुणीतरी विचारतं, आणि कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. रिकाम्या तीन चौकटी म्हणजे काय हे मुलांना सांगून कळत नाही, दाखवून कळतं. जूनची शेवटची ओळ कागदाच्या पट्टीवर लिहून आणा: रवि २८, सोम २९, मंगळ ३०, आणि पुढच्या चौकटी कापून टाकलेल्या. ही पट्टी जुलैच्या पहिल्या ओळीवर ठेवली की तिच्या तीन चौकटी नेमक्या रिकाम्या जागेत बसतात. कोड्याचे दोन तुकडे जुळावेत तसे दोन महिने जुळतात. महिना संपला म्हणून आठवडा संपत नाही, ही गोष्ट मुलांना इथे कळते. महिनाअखेर हाच खेळ जुलै आणि ऑगस्टचा घ्या. ३१ जुलै शुक्रवारी येतो, उरलेल्या एका शनिवारच्या चौकटीत १ ऑगस्ट बसतो.

हे समजलं की नाही ते तपासायची सोपी रीत अशी: 'जुलै शुक्रवारी संपला, आता ऑगस्टची १ तारीख कुठे लिहायची?' असं विचारून कोरा तक्ता द्या. मूल १ आकडा पहिल्या चौकटीत, रविवारखाली लिहीत असेल तर त्याला आकडे भरता येतात पण वार पुढे सरकतो हे कळलेलं नाही. त्याला आणखी तक्ते भरायला देण्यात अर्थ नाही. पट्ट्या जुळवायला द्या.

फेब्रुवारी २०२६ चं पान मात्र जरूर जपून ठेवा. तो महिना रविवारी सुरू झाला आणि २८ तारखेला शनिवारी संपला. चार ओळी काठोकाठ भरलेल्या, एकही चौकट रिकामी नाही. इतर महिन्यांशेजारी ठेवून 'यात रिकाम्या जागा का नाहीत?' हा प्रश्न दोन-तीन दिवस वर्गात राहू द्या.

आकड्याचं नाव आणि आकडा

तारखांच्या सरावात ज्या चुका दिसतात त्यांतल्या पुष्कळ कॅलेंडरच्या नसतात, संख्यांच्या असतात. मराठीत 'तेवीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, त्यामुळे मूल ३२ लिहितं. 'एकवीस'चा १२ होतो. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९ लिहिलं जातं, 'एकोणीस' आणि 'एकोणतीस' एकमेकांत मिसळतात. कॅलेंडर या चुका चटकन उघड्या पाडतं: मूल ३२ शोधत राहतं आणि सापडत नाही. अशा वेळी 'नीट बघ' म्हणून उपयोग नसतो. त्याला २० च्या ओळीतले आकडे १९, २०, २१, २२, २३, २४, २५ क्रमाने बोट ठेवत म्हणायला लावा, मग 'तेवीस'पाशी थांबवा. रोजच्या तीन मिनिटांत महिनाभर हे चाललं की १ ते ३१ पर्यंतची संख्यानावं वेगळा तास न देता पक्की होतात.

वर्षाचं गणित वेगळं आहे. दुसरीत काम शंभरापर्यंतच्या संख्यांचं असतं, २०२६ ही चार अंकी संख्या त्यांना स्थानिक किमतीने वाचता येणार नाही. ती फोडून दाखवायच्या फंदात पडू नका. 'दोन हजार सव्वीस' हे चालू वर्षाचं नाव म्हणून शिकवा आणि रोज फळ्यावर लिहा, तेवढं पुरे.

महिने: रांग नको, गोल

दुसऱ्या तासिकेत बारा महिने घ्या. बारा कार्डांवर बारा नावं ठळक लिहा आणि कोपऱ्यात लहान आकड्यात महिन्याचा क्रमांक द्या. बारा मुलांना कार्डं देऊन जमिनीवर खडूने आखलेल्या गोलावर उभं करा. गोल अशासाठी की सरळ रांगेत डिसेंबर हा शेवट दिसतो, आणि 'डिसेंबरनंतर काय?' याला 'काही नाही' असं उत्तर येतं. गोलात डिसेंबरचा हात जानेवारीच्या हातात असतो. बाकीची मुलं मध्ये बसतात आणि प्रश्न विचारतात.

प्रश्न तीन महिन्यांच्या तुकड्यांत ठेवा. 'ऑगस्टच्या दोन्ही बाजूंना कोण?' असं विचारलं की 'जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर' हा तुकडा बसतो. असे तुकडे पाठ झाले की जानेवारीपासून म्हणत यायची सवय सुटते. म्हणायला सुरुवातही रोज वेगळ्या महिन्यापासून करा. आज जुलैपासून, उद्या नोव्हेंबरपासून.

दोन जोड्या हमखास गोंधळ घालतात: जून-जुलै आणि ऑगस्ट-ऑक्टोबर. सुरुवातीचा आवाज सारखा असल्याने मूल पहिलं अक्षर पाहून अंदाजाने वाचतं. या चार कार्डांना प्रत्येकी एक पक्की खूण जोडा. जून म्हणजे शाळा उघडते. जुलै म्हणजे २३ तारखेची लोकमान्य टिळक जयंती, ऑगस्ट म्हणजे १५ तारखेचा झेंडा, ऑक्टोबर म्हणजे २ तारखेची गांधी जयंती. इतर महिन्यांसाठीही अशाच खुणा आहेत: २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, १ मेचा महाराष्ट्र दिन, ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २५ डिसेंबरचा नाताळ. मार्चला ८ तारखेचा महिला दिन घेता येतो.

सणांच्या खुणा इथे टाळा, मुलांना कितीही आवडल्या तरी. गणपती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला बसले आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. 'गणपती म्हणजे ऑगस्ट' अशी गाठ बांधलेलं मूल पुढच्याच वर्षी चुकतं. सणांना मराठी महिने खुणा म्हणून शोभतात: गणपती भाद्रपदात, नारळी पौर्णिमा श्रावणात, आषाढीची वारी नावातच आषाढ घेऊन येते. चैत्र ते फाल्गुन ही यादी मुलांनी म्हणायला हरकत नाही, पण ती वेगळ्या आठवड्यात घ्या. एकाच भिंतीवर दोन बारा-बारांच्या याद्या शेजारी लावल्या की 'चैत्र म्हणजे जानेवारी' अशी जोडी मुलं स्वतःच लावून टाकतात, कारण दोन्ही पहिले. २०२६ मध्ये तर अधिक ज्येष्ठही आला, त्यामुळे यंदा या जोड्या आणखीच सरकल्या आहेत. आषाढी एकादशी २५ जुलैला, शनिवारी आहे. जुलैच्या तक्त्यात ती चौकट मुलांकडून शोधून घ्या, तेवढा दुवा या टप्प्यावर पुरतो.

३० आणि ३१ दिवसांसाठी मुठीची युक्ती सगळ्यांना माहीत असते. मुलं चुकतात ती जुलैपाशी. शेवटच्या उंचवट्यावर जुलै आला की पुढचा महिना कुठे मोजायचा हे त्यांना ठरवता येत नाही, काही जण मागे खाचेत येतात आणि ऑगस्टला ३० दिवस देतात. पुन्हा पहिल्या उंचवट्यापासून सुरू करायचं, म्हणून जुलै आणि ऑगस्ट दोन्ही ३१ चे, हे दोनदा करून दाखवा. पाठ व्हायची घाई नको. ते तिसरीतही होतं.

वाढदिवसांचा तक्ता

तिसरी आणि चौथी तासिका या तक्त्याला द्या. पाठाचा जीव इथे आहे, म्हणून हे काम घाईने किंवा फक्त भिंत सजवायला करू नये. हा तक्ता म्हणजे मुलांच्या स्वतःच्या माहितीचा पहिला आलेख असतो.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. जन्मतारखा शाळेच्या जनरल रजिस्टरमधून उतरवून घ्या आणि त्याच वेळी घरी एक चिठ्ठी पाठवा: मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांची सही. दोन्ही ताडून पाहा. काही ठिकाणी फरक निघतो. एकेकाळी जन्माची नोंद नसलेल्या मुलांची तारीख प्रवेशाच्या वेळी १ जून लिहिण्याची पद्धत होती आणि आजी-आजोबांच्या पिढीत असे वाढदिवस गावोगाव आढळतात. आता जन्मदाखले असल्याने हे कमी झालं आहे, तरी एखादी तारीख जुळत नाही किंवा घरी वाढदिवस तिथीने होतो. तक्त्यावर मुलाला माहीत असलेली, घरी सांगितली जाणारी तारीख लावा, कारण 'तुझा वाढदिवस तो नाही' हे वर्गासमोर ऐकावं लागणं मुलाला फार लागतं. नोंदीतला फरक मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. रजिस्टरमधली दुरुस्ती जन्मदाखल्याच्या आधारे त्यांच्यामार्फत होते, वर्गशिक्षकाने त्यात खाडाखोड करायची नसते.

तक्त्यावर जन्मवर्ष लिहू नका. त्याची इथे गरज नाही, आणि उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलाचं वय त्याने उघड होतं. नाव आणि जन्मतारीख असलेल्या तक्त्याचा फोटो पालकांच्या गटावरही टाकू नये.

कार्डशीट आडवी धरा: साधारण ७१ सेंटिमीटर रुंद, ५६ सेंटिमीटर उंच. पाच सेंटिमीटर रुंदीचे बारा स्तंभ आखा, साठ सेंटिमीटर होतात. दोन्ही कडांना साडेपाच सेंटिमीटर सुटतात. खालची सहा सेंटिमीटर पट्टी महिन्यांच्या नावांसाठी आणि वरची सहा सेंटिमीटर शीर्षकासाठी ठेवा. मध्ये ४४ सेंटिमीटर उरतात, म्हणजे एका महिन्यात आठ चौकोन एकावर एक बसतात. तीसेक मुलांच्या वर्गाला हे पुरतं. पाच सेंटिमीटर रुंदीत 'सप्टेंबर' किंवा 'फेब्रुवारी' लिहायला अडचण होते, तेव्हा नावं उभी वळवू नका, बारीक अक्षरात आडवीच लिहा. वळवलेलं नाव दुसरीतल्या मुलाला वाचता येत नाही.

चौकोनांचे कागद मात्र तुम्ही कापा आणि सगळे पाच बाय पाचचेच ठेवा. मुलांकडून कापून घेतले तर लहान-मोठे होतात, आणि मग तीन मोठ्या कागदांचा मनोरा चार लहान कागदांपेक्षा उंच दिसतो. 'सर्वांत उंच तो सर्वांत जास्त' हे वाचन कोलमडतं. मुलाने आपल्या चौकोनावर मध्यभागी तारखेचा आकडा मोठा आणि त्याखाली आपलं नाव लिहायचं. महिना लिहायचा नाही, तो स्तंभाने कळतो.

लावण्याआधी जमिनीवर मांडा. बारा महिन्यांची कार्डं ओळीत ठेवा आणि मुलांना आपापल्या महिन्यामागे उभं राहू द्या. मग प्रत्येक महिन्यातली मुलं आपापसांत ठरवतात की कुणाची तारीख आधी. ६ ऑगस्ट आणि २१ ऑगस्ट असतील तर ६ खाली, २१ त्याच्या वर. आकडा मोठा तो वाढदिवस नंतर, ही तुलना मुलं खूप बोलून, भांडून ठरवतात आणि शिकतात. दहा मिनिटं गोंगाट होईल, होऊ द्या. क्रम ठरल्यावर एकेक महिना येऊन चौकोन चिकटवतो, तळापासून, मध्ये फट न सोडता. डिंकाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. वर्षाच्या मध्यात नवा प्रवेश झाला की मधला चौकोन उचलून वर सरकवता येतो.

आता एक वर्ग उदाहरणादाखल घेऊ. समजा २८ मुलं आहेत आणि तक्ता असा झाला: जानेवारी २, फेब्रुवारी १, मार्च ३, एप्रिल २, मे ४, जून ३, जुलै २, ऑगस्ट ४, सप्टेंबर १, ऑक्टोबर ३, नोव्हेंबर ०, डिसेंबर ३. पहिली गोष्ट, सगळ्यांची बेरीज २८ येते का हे मुलांसमोर मोजा. कमी भरली तर कुणाचा तरी चौकोन राहिला आहे, बहुधा त्या दिवशी गैरहजर असलेल्याचा.

मग प्रश्न. 'सर्वांत जास्त वाढदिवस कोणत्या महिन्यात?' याला इथे दोन उत्तरं आहेत, मे आणि ऑगस्ट. मुलांना एकच उत्तर हवं असतं. ती तक्त्यावर पहिला दिसणारा मे सांगून थांबतात, म्हणून 'अजून कुणी तेवढंच उंच आहे का?' हे विचारा. नोव्हेंबरच्या रिकाम्या जागेवर मुलं अडतात. कुणी म्हणतं तो महिना काढून टाका. तेव्हा सांगा, महिना आहे, त्यात वाढदिवस शून्य आहेत. शून्याला काही अर्थ असतो हे पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा इथे चांगलं कळतं. 'ऑगस्टमध्ये डिसेंबरपेक्षा किती जास्त?' हा प्रश्न कठीण जातो, मुलं 'चार' म्हणतात, कारण त्यांना ऑगस्टचे सगळे चौकोन दिसतात. दोन मनोऱ्यांच्या उंचीवर पट्टी आडवी धरा आणि पट्टीच्या वर काय उरलं ते मोजायला सांगा. एक.

२९ फेब्रुवारीचा प्रश्न या वर्षी सहसा येणार नाही. जून २०२६ मध्ये दुसरीत बसणारी बहुतेक मुलं २०१९ ची आहेत आणि ते लीप वर्ष नव्हतं. पुढच्या वर्षीच्या दुसरीत २०२० ची मुलं येतील, तेव्हा असं एखादं मूल असू शकतं. त्याचा चौकोन २९ लिहूनच फेब्रुवारीत लावा आणि साजरा कधी करायचा ते घरच्यांना विचारा.

तारीख लिहिणं आणि मोजणं

पाचव्या तासिकेपासून रोजचा सराव सुरू होतो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एकच साचा ठेवा: 'आज बुधवार, दि. ८ जुलै २०२६'. वार, तारीख, महिना, वर्ष. रोज एक मूल तारीख-मदतनीस: ते तक्त्यातली आजची चौकट शोधतं, तिच्यावर लहान चिमटा किंवा खूण लावतं आणि फळ्यावर तारीख लिहितं. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी खूण दोन घरं पुढे सरकवावी लागते आणि मुलं विसरून एकच सरकवतात. सरळ दुरुस्त करण्याऐवजी 'काल शाळा होती का?' एवढंच विचारा.

आकड्यांतली तारीख, ८/७/२०२६ अशी, महिन्यांचे क्रमांक नीट बसल्यावरच घ्या. इथे तारीख आणि महिना यांची अदलाबदल ही सर्वांत चिवट चूक आहे. सुरुवातीला मुद्दाम १२ च्या पुढच्या तारखा द्या: २३/७, १५/८, २६/१. कुणी ७/२३ लिहिलं तर 'तेविसावा महिना कोणता?' या प्रश्नावर मूल स्वतःच हसून दुरुस्त करतं. ५/९ आणि ९/५ यांत चूक झाली तरी ती चूक आहे हे कुणाला दिसत नाही, म्हणून असे आकडे नंतर. पक्कं झालं की वाढदिवसांच्या तक्त्याकडे वळा. 'आपल्या शेजाऱ्याचा वाढदिवस आकड्यांत लिहा' असं सांगा. प्रत्येक जण आपली स्वतःची तारीख तपासायला उत्सुक असतो, त्यामुळे वह्या निम्म्या तिथेच तपासल्या जातात.

मोजण्याच्या सरावात काल आणि उद्या आधी, परवा नंतर. परवा मागचाही असतो आणि पुढचाही, तेव्हा तो नुसता विचारू नका. 'परवा कोणता वार होता?' आणि 'परवा कोणता वार असेल?' असे पूर्ण प्रश्न विचारा आणि विचारताना खुणेच्या मागच्या किंवा पुढच्या चौकटींकडे हात करा.

'८ जुलैनंतर एक आठवड्याने किती तारीख?' याला मुलं सात चौकटी मोजतात. मोजू द्या. तीन-चार वेळा मोजल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की उत्तर नेहमी त्याच वाराखाली, एक ओळ खाली असतं. ते त्याने वर्गाला सांगावं. तुम्ही आधी सांगितलंत तर मुलं नियम पाठ करतात आणि चौकटींकडे बघत नाहीत.

महिना ओलांडणारा प्रश्न शेवटी: '३० जुलैनंतर तीन दिवसांनी किती तारीख?' बरोबर उत्तर २ ऑगस्ट, रविवार. चुकीची उत्तरं दोन येतात आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. '३३ जुलै' म्हणणाऱ्याने बेरीज केली आहे, त्याला जुलै-ऑगस्टच्या जोडपट्टीकडे न्या. '१ ऑगस्ट' म्हणणाऱ्याने ३० लाच एक म्हटलं आहे, महिना त्याला कळलेला आहे पण मोजणी चुकते. त्याला चौकटी नव्हे, उड्या मोजायला लावा. जमिनीवर खडूने चौकटी आखा, ३० वर उभं करा, आणि उडी मारली की मगच आकडा म्हणायचा: ३१ वर एक, १ वर दोन, २ वर तीन. उभं राहिलेल्या जागेला आकडा नाही, हे एकदा पायांना कळलं की बोटानेही चूक होत नाही. वही तपासताना उत्तर चुकलं एवढंच न बघता कोणत्या प्रकारे चुकलं ते पाहून बाजूला खूण करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाला पट्टी आणि कुणाला उड्या हे ठरलेलं असतं.

मे महिन्यातले आणि दिवाळीच्या सुट्टीतले वाढदिवस वर्गात येतच नाहीत. आपल्या उदाहरणातल्या वर्गात मेचीच चार मुलं आहेत. ती वर्षभर इतरांसाठी टाळ्या वाजवतात आणि त्यांची पाळी येत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस त्यांच्यासाठी ठेवा आणि त्या दिवशी त्यांनी मेचा तक्ता भरून आपापली चौकट रंगवायची. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांचं तसंच सुट्टी लागण्याआधी करा. खाऊ किंवा भेटवस्तू आणायची प्रथा वर्गात नको, ज्याच्या घरी जमत नाही ते मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. वर्गाने शुभेच्छा द्यायच्या आणि त्या दिवशीची तारीख त्याच मुलाने फळ्यावर लिहायची, हा मान पुरेसा असतो.

जानेवारीत नवं कॅलेंडर लागतं तेव्हा वाढदिवसांचा तक्ता काढू नका. ३१ डिसेंबर २०२६ गुरुवारी आहे, पट्टी जोडली की १ जानेवारी २०२७ शुक्रवारी येतो. मग प्रत्येकाने आपला वाढदिवस दोन्ही कॅलेंडरांत शोधून वार लिहायचा. २३ जुलै २०२६ मध्ये गुरुवारी होता, २०२७ मध्ये शुक्रवारी. सगळ्यांचाच वार एकाने पुढे गेलेला निघतो. ज्याचा तसा निघत नाही त्याने कुठेतरी चुकीची ओळ पाहिलेली असते, आणि ते शेजारच्या मुलानेच शोधून काढावं.